साडेचारचा फोन

आमचा फोन रोज भारतातल्या दुपारी साडेचारला होतो. तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे सात वाजलेले असतात. वाईला अण्णा-आईंचा चहा झालेला असतो आणि मला ऑफिसला निघायला वेळ असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात, भारतातली जात नाहीत. पहिल्या वर्षी मी आपली माझ्या सातलाच फोन करत राहिले. तिकडे साडेपाच वाजत होते. आठ-दहा दिवसांनी शेजारच्या काकूंकडून कळलं की आई साडेचारपासून फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसून असते, मोरी धुवायलासुद्धा उठत नाही. ती मला एका शब्दाने बोलली नव्हती. तेव्हापासून वेळ त्यांच्या घड्याळाची. हिवाळ्यात मी सहाला उठून बोलते आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर पुन्हा सातला.

•

जेवलीस का, जेवलात का, औषध घेतलंत का, पाऊस आहे का, थंडी आहे का. पाच प्रश्न, चाळीस सेकंद. मग अण्णा म्हणणार, "हं, आईशी बोल." जेवणाची विचारपूस मला मुळीच वाईट वाटत नाही. आमच्या घरात माया त्याच शब्दांनी बोलली जाते. पण त्यापुढे रस्ता संपायचा, आणि दोन्हीकडे बोलायचं खूप असूनही फोन ठेवला जायचा.

•

मोठा प्रश्न विचारला की उत्तर छोटं येतं. "अण्णा, नोकरीतल्या आठवणी सांगा ना," म्हटलं तर, "काय सांगायचं, केली नोकरी." अण्णा १९७० साली एसटीत वाहक म्हणून लागले आणि २००४ साली निवृत्त झाले. चौतीस वर्षं एका वाक्यात कोण सांगणार?

मग एक दिवस सहज विचारलं, "वाईहून महाडला जाणारी गाडी सुटली की पहिलं तिकीट कुठलं फाडायचात?" अण्णा थांबले. म्हणाले, "तिकीट फाडायचं नंतर. आधी स्टँडवरच मोजणी." आणि सुरू झाले. ट्रेमध्ये तिकिटांचे गठ्ठे भाड्याप्रमाणे कसे लावायचे, पंच उजव्या हातातच का हवा, सहा किलोमीटरचा एक टप्पा कसा मोजतात, टप्पा बदलला की वेबिलावर तिकिटांचे नंबर कसे चढवायचे. डेपोत परतल्यावर हिशेबात दोन रुपये कमी आले तर ते खिशातून भरावे लागत. त्या दिवशी एकवीस मिनिटं झाली आणि गाडी अजून स्टँडवरच होती. मी म्हटलं, "उद्या सोडू या." अण्णा म्हणाले, "डबल बेल दिल्याशिवाय सुटायची नाही." एक टोला थांबायला, दोन निघायला.

•

तो प्रवास आम्ही तीन आठवडे केला. पसरणीचा घाट चढायलाच दोन दिवस लागले. पाचगणीला शाळांची सुट्टी लागली की ट्रंकांनी टप भरायचा. भिलार आता पुस्तकांचं गाव झालंय. अण्णांच्या डोक्यात ते टोपल्या घेऊन फाट्यावर उभ्या असलेल्या बायकांचं गाव आहे. महाबळेश्वरच्या पुढे आंबेनळीत पावसाळ्यात धुकं उतरलं की अण्णा खाली उतरून बॅटरी घेऊन गाडीपुढे चालत. मी विचारलं, किती अंतर? "तीन वळणं. चौथ्या वळणाला धुकं फाटायचं." पुस्तकात कुठे हे सापडलं असतं?

यातून मला कळलेलं एवढंच: प्रश्न जागेचा, वस्तूचा किंवा हाताच्या कामाचा असावा, आणि उत्तर फक्त त्यांच्याकडेच असावं. "तेव्हा कसं वाटायचं?" असं विचारलं की वडीलधारी माणसं अवघडतात. "डाव्या हाताला काय होतं?" विचारलं की चालू लागतात. कसं वाटायचं ते वाटेत आपोआप येतं.

•

१९६३ साली रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने मांडलं की म्हातारपणी माणूस आपलं आयुष्य मागे वळून पाहतो ते बिघाडाचं लक्षण नाही, ती स्वाभाविक गोष्ट आहे. त्याआधी डॉक्टरसुद्धा त्याला नुसतं भरकटणं समजत. स्मरणाचा अभ्यास करणाऱ्यांना पुढे असंही दिसलं की उतारवयात साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी जास्त दाटीने येतात. अण्णा एसटीत लागले तेव्हा चोवीस वर्षांचे होते. परवा काय जेवले ते विसरतात, पण १९७२ चं वेळापत्रक तोंडपाठ. मला पूर्वी याची भीती वाटायची.

•

आईचं दार वेगळं निघालं. ती पेपरातलं शब्दकोडं सोडवते आणि दोन शब्द माझ्यासाठी मुद्दाम शिल्लक ठेवते. मागच्या महिन्यात: "मोटेच्या सोंडेचा दोर, तीन अक्षरी." मला येणं शक्य नव्हतं. आई म्हणाली, "सोंदूर गं. जाड तो नाडा, बारीक तो सोंदूर."

मग तिच्या माहेरची विहीर आली. नाडा मोटेच्या तोंडाला, सोंदूर सोंडेला. बैल धावेवरून उतरणीला निघाले की मोट वर येते, आणि सोंदुराने सोंड वर दुमडून धरलेली असते म्हणून पाणी सांडत नाही. मोट वर आली की सोंड थारोळ्यात मोकळी होते आणि पाणी पाटाला लागतं. मोट हाकणारा उतरताना नाड्यावरच बसतो, त्याच्या वजनाने बैलांना हातभार लागतो. मग बैल उलट्या पावली वर येतात, मोट पुन्हा खाली. "उलटं चालायला बैलाला शिकवावं लागतं," आई म्हणाली. "आमचा ढवळ्या शिकला नाही कधी. त्याला प्रत्येक खेपेला वळवून आणायचे." ती अकरा वर्षांची असताना थारोळ्यावर बसून अभ्यास करायची, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

•

दोघांशी एकत्र बोललं की आई बोलते आणि अण्णा मान हलवतात. फोनवर मान दिसत नाही. म्हणून मंगळवार-शुक्रवार फोन अण्णांच्या मोबाइलवर.

•

मधे काही महिने अण्णा नुसतं "हं, हं" करू लागले होते. मला वाटलं कंटाळले. एकदा विचारलं, "सात वाजता निघालात का?" तर म्हणाले, "हात बरा आहे आता." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ, थ यांची खूण त्याच पट्टीत असते. आ, ओ, ऊ नीट ऐकू येतात, म्हणून माणूस म्हणतो, आवाज येतोय पण शब्द कळत नाही. त्यात साधा टेलिफोन सुमारे ३४०० हर्ट्झच्या वरचा आवाज पुढे पाठवतच नसे, म्हणजे स जिथे राहतो तो मजलाच कापलेला. आपण ओरडतो तेव्हा आ आणखी मोठा होतो, स होता तिथेच राहतो, आणि ऐकणाऱ्याला आपण चिडलो असं वाटतं.

आता मी आधी विषय सांगते: "अण्णा, गाडीबद्दल विचारतेय." मग हळू, नेहमीच्याच आवाजात प्रश्न. कळला नाही तर तेच वाक्य पुन्हा म्हणत नाही, शब्द बदलते: "सात"ऐवजी "दिवेलागणीला". व्हिडिओ असेल तर खिडकीकडे तोंड करून बसते, ओठ दिसायला हवेत. डॉक्टरांनी आधी कानातला मळ काढला, मग तपासणी केली. यंत्राची सवय व्हायला अण्णांना दीड महिना लागला. पहिल्या आठवड्यात ते भांड्यांच्या आवाजाने हैराण होऊन यंत्र काढून ठेवत. आईने त्या दिवसांत भांडी अंगणात घासली.

•

"तब्येत कशी आहे?" याला आमच्याकडे एकच उत्तर: "झकास." म्हणून मी ते विचारतच नाही. विचारते, "काल संध्याकाळी कुठवर गेला होतात? कोण भेटलं?"

मार्चमध्ये उत्तर होतं, स्टँडवर, जुने ड्रायव्हर भेटले. एप्रिलमध्ये गणपती घाटावर. मेच्या पहिल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. मग, "ओट्यावरच बसलो, ऊन फार." साडेसहाला कसलं ऊन? शुक्रवारी विचारलं, "चप्पल कुठली घालताय सध्या?" थोडा वेळ गेला. "जुनीच. नवी चावते." टाचेला जखम होऊन अठरा दिवस झाले होते. अण्णांना मधुमेह आहे. अशा पायाला दुखणं कमी जाणवतं, जखम भरायला वेळ लागतो आणि आत चिघळली तरी वरून कळत नाही. भाऊ त्याच रात्री पुण्याहून गेला, सकाळी डॉक्टरांकडे नेलं. पाच आठवडे ड्रेसिंग चाललं, पण पाय राहिला.

आईला माहीत होतं. "तुला तिकडे कशाला काळजी," म्हणाली. मला खूप राग आला होता आणि तो मी तिला सांगितला. आता आमचं ठरलंय: मी इथलं लपवणार नाही, त्यांनी तिथलं लपवायचं नाही. माझी नोकरी डळमळीत झाली तेव्हा मी आधी त्यांना सांगितलं. आईने विचारलं, "घरभाडं किती महिन्यांचं बाजूला आहे?" मला कुणीतरी हे विचारायला हवंच होतं.

•

तेच ते पुन्हा सांगतात तेव्हा मी "हे सांगितलंत" म्हणत नाही. त्या गोष्टीतल्या दुसऱ्या माणसाबद्दल विचारते. आंबेनळीचं धुकं चौथ्यांदा आलं तेव्हा विचारलं, "तुम्ही पुढे चालत होतात, तर मागे गाडीत बसलेली माणसं काय करत होती?" "एक म्हातारी देवाचं म्हणत होती," अण्णा म्हणाले. ती म्हातारी आधीच्या तीन वेळा गाडीत नव्हती.

पण आदल्या दिवशीपर्यंत ठीक असलेला माणूस एकाएकी गोंधळल्यासारखं बोलू लागला, दिवस-रात्र चुकवू लागला, तर ते वय म्हणून सोडायचं नाही. लघवीचा संसर्ग किंवा रक्तातलं सोडियम उतरणं यानेही तसं होतं. त्याच दिवशी डॉक्टर.

•

फोन ठेवताना काहीतरी अर्धं राहू द्यायचं. कोड्यातला एक शब्द, घाटातलं एक वळण. आता मुक्कामी गाडीचं चाललंय. शेवटची गाडी संध्याकाळी गावात पोचायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे, पहाटे तीच गाडी परत. काल विचारलं, देवळात पांघरायला काय असायचं? अण्णा म्हणाले, "उद्या सांगतो, आठवून."

•

आज रात्री दोन वाजता फोन वाजला. वाईचा नंबर. छातीत धस्स झालं. तिकडे सकाळचे साडेअकरा.

"झोपलीस का गं?" अण्णा म्हणाले. "काल मी पहाटेची गाडी साडेपाचला सुटायची म्हणालो ना, ते चुकलं. सव्वापाच. दुधाचे कॅन त्याच गाडीने जायचे. लिहिलं असशील तर खोड."