लाल खुणांची वाटणी

एका मुलाने तपासलेला निबंध दुसऱ्याच दिवशी सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून आणला. माझी एकही लाल खूण त्याने सोडली नव्हती. जिथे मी ‘मुलांना’ लिहिले तिथे ‘मुलांना’, जिथे वाक्य खोडले तिथे वाक्य नाही. निबंध मात्र होता तिथेच होता. लालेलाल झालेली वही पाहून पालक म्हणत, मॅडम किती बारीक तपासतात, आणि ते ऐकायला मला फार आवडे. त्या आवडीपायी तपासणे कधी सोडवले नाही. पण त्या दिवसापासून तपासून झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न मागे लागला.

आता वही परत देताना सोबत एक कोरा कागद देते. त्यावर चार घरे : व्याकरण, शब्द, आशय, मांडणी. प्रत्येक खूण त्या ओळीसकट कोणत्या घरात जाते ते मुलाने ठरवायचे. वहीत सगळ्या खुणा सारख्याच लाल दिसतात. घरात घातल्यावर त्यांचे वजन कळते. ‘मूलांना’, ‘गरीबांची’, ‘फूलांच्या’ ही तीन वर्तुळे म्हणजे एकच चूक. सामान्यरूप होताना उपान्त्य दीर्घ अक्षर ऱ्हस्व होते, हा एक नियम कळला की मूल उरलेला निबंध स्वतः चाळते. ‘करतांना’वरचा अनुस्वार वेगळा, त्याचे काम वेगळे.

सुरुवात मात्र व्याकरणापासून करायची नाही. आधी आशय, मग मांडणी. जो परिच्छेद उद्या जाणारच आहे, त्यातले ऱ्हस्व-दीर्घ आज दुरुस्त करून काय मिळणार?

हे सोपे वाटते. अडते ते एकाच ठिकाणी : खूण एका घराची दिसते आणि असते दुसऱ्याच घराची. त्याच मुलाचा निबंध होता शकुंतलेचे आत्मवृत्त. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला आणि एक यवतमाळला नेणारी, वऱ्हाडचा कापूस वाहायला इंग्रजी अमलात घातलेली अरुंद रुळांची गाडी. सुरुवात छान होती : ‘मी अचलपूरकडे निघायचे, तेव्हा...’ आणि दुसऱ्या परिच्छेदात एकदम, ‘तिने गरीबांची सेवा केली. तिच्यामुळे देशाची प्रगती झाली.’ मी ‘तिने’ला वर्तुळ करून वर ‘मी’ लिहिले. मुलाने ती खूण व्याकरणात घातली. चूक त्याची नव्हती. खूण दिसतच होती सर्वनामाची. दुरुस्तीनंतर वाक्य झाले, ‘मी गरिबांची सेवा केली. माझ्यामुळे देशाची प्रगती झाली.’ निर्दोष आणि पोकळ.

अशा वेळी मी मुलाला मोठ्याने वाचायला लावते. वाचता वाचता तो स्वतःच थबकला आणि सुधारले, तर खूण व्याकरणाची. तो ‘तिने’वरून सरळ पुढे गेला. मागच्या दोन ओळी पुन्हा वाचायला लावल्या, तेव्हा उलगडले : पहिला परिच्छेद त्याचा, दुसरा गाइडमधला. रेल्वेवर तयार निबंध होता, तो त्याने मध्ये बसवला. ‘मी’ची ‘ती’ झाली ती त्या सांध्यावर. खूण आशयाच्या घरात गेली आणि काम बदलले : तुझ्यात कोण बसायचे, काय घेऊन, ते विचारून ये.

आजीने त्याला सांगितले की अंजनगावहून ती गाठोडे घेऊन यायची आणि गार्डच खाली उतरून तिकीट द्यायचा. नव्या परिच्छेदात एकही ‘ती’ शिरली नाही. कुणाला दुरुस्त करावी लागली नाही.

म्हणूनच काही सहकारी चारही घरांतल्या खुणा मोजून बेरीज लिहितात, ते मला पटत नाही. ‘व्याकरण जास्त, आशय कमी’ असे त्या मुलाच्या कागदावर पहिल्यांदा आले असते आणि त्याने महिनाभर सर्वनामे गिरवली असती. आणि तयार निबंध पाठ करून घेणाऱ्या क्लासेसचा राग येतो तो याच जागी. पाठ केलेल्या निबंधात खुणा कमी पडतात. जिथे मुलाला शिकवता आले असते, तो सांधाच त्यात झाकून जातो.

एक खूण अजून वादात आहे. त्याच निबंधात शकुंतला म्हणते, ‘मले कोणी विसरू नका.’ निवेदनात प्रमाण भाषा, संवादात बोली चालेल, असे मी वर्गात सांगते. पण आत्मवृत्तात निवेदनच संवाद असतो. मुलगा म्हणाला, “मॅडम, शकुंतला तं आपल्याच इकडची हाये, थे ‘मला’ कायले म्हनन?” दहावीच्या कुमारभारतीत निबंधाला 8 गुण असतात आणि पेपर तपासणारा कुठला असेल सांगता येत नाही, हे मी त्याला सांगितले. पण सगळ्या निबंधात एकटेच ‘मले’ असेल तर ते निसटलेले वाटेल, म्हणून शकुंतला पहिल्या ओळीपासून वऱ्हाडीच बोलू दे, असेही सांगितले. ती खूण आम्ही मांडणीच्या घरात घातली. तो आता सगळा निबंध वऱ्हाडीत लिहितो आहे.