हात पोटात शिरत नव्हता

‘हात पोटात शिरतोय, वेट्स नीट बसवा.’ या एका ओळीपायी माझे चार दिवस गेले आणि वर पैसेही कापले गेले. आठवलं की अजून चीड येते.

मी कळसाडीत घरी बसून टूडी अ‍ॅनिमेशनची कामं करतो. एका कंपनीला मुलांच्या खेळासाठी आपल्या सातपुड्याच्या होळीतला ढोलवाला हवा होता. गळ्यात अडकवलेला ढोल, कमरेला घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा टोप. चित्राचे सुटे भाग केले, स्पाइनमध्ये आणले, हाडं घातली. अवघड होता तो पलीकडचा हात. उभं असताना तो धडाच्या मागे असतो आणि थाप मारायला ढोलाच्या पुढे येतो.

इथे दोन गोष्टींचं भांडण आहे. कोपर चिरल्यासारखं दिसू नये म्हणून हात अखंड हवा. त्यावर बिंदूंची जाळी, म्हणजे मेश, टाकायची आणि कोपराजवळच्या बिंदूंचं वजन दंडाच्या आणि पुढच्या हाताच्या हाडात वाटून द्यायचं. पण कोण वर, कोण खाली हा क्रम, म्हणजे ड्रॉ ऑर्डर, अख्ख्या स्लॉटला लागू होतो. अर्धा हात मागे आणि अर्धा पुढे असं एका स्लॉटमध्ये जमत नाही. म्हणून मी त्याच हाताच्या दोन प्रती केल्या. जाळी तीच, वजनं तीच. एका चित्रात फक्त दंड ठेवला, दुसऱ्यात फक्त पुढचा हात. दंड कायम धडामागे राहतो, क्रम बदलतो तो पुढच्या हाताचाच. सांधा येतो कोपरावर, आणि कोपर धडाच्या कडेबाहेर असल्यामुळे तो दिसत नाही. पंजा ढोलाच्या कडेबाहेर असतानाच अदलाबदल होते.

माझ्याकडे सगळं नीट दिसत होतं. त्यांच्या खेळात मात्र मुलाने थापेच्या मध्येच बोट लावलं आणि ढोलवाला उभा राहायला लागला, की पंजा ढोलात गडप व्हायचा. त्यांच्या माणसाने रेकॉर्डिंग पाठवलं आणि निकालही देऊन टाकला : वेट्स चुकले. मी मान्य केलं. कोपराच्या बिंदूंच्या रांगा पुन्हा मांडल्या. वरची रांग पूर्ण दंडाची, मधली अर्धी-अर्धी, खालची पूर्ण पुढच्या हाताची. पाठवलं. तेच उत्तर आलं. आणखी एक रांग वाढवली. पुन्हा तेच. चार दिवस!

पाचव्या दिवशी त्यांचंच रेकॉर्डिंग एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितलं. वजन चुकलं असेल, तर आकार बिघडतो. कोन वाढेल तसा कोपर हळूहळू चिमटत जातो. इथे हाताचा आकार जसाच्या तसा होता. एका फ्रेमला तो ढोलाच्या पुढे, पुढच्याच फ्रेमला मागे. म्हणजे दोष वजनाचा नाही, क्रमाचा.

एका अ‍ॅनिमेशनमधून दुसऱ्यात जायला त्यांनी 0.2 सेकंद ठेवले होते. तेवढ्या वेळात हाडांचे कोन हळूहळू बदलतात, कारण तीस आणि साठ अंशांच्या मध्ये पंचेचाळीस असतो. ‘पुढे’ आणि ‘मागे’ यांच्यामध्ये काहीच नसतं. म्हणून स्पाइनमध्ये एक मर्यादा असते आणि ती मुळात शून्य असते. तिच्यामुळे बदल सुरू होताच जुन्या अ‍ॅनिमेशनचा क्रम सोडून दिला जातो. हात अजून ढोलावर, क्रम मात्र उभं राहण्याचा. तीस फ्रेमच्या वेगाने धरलं, तर तीन-चार फ्रेम पंजा गायब. उपाय त्यांच्या कोडमध्ये, थापेच्या नोंदीवर होता :

```
entry.mixDrawOrderThreshold = 0.6;
```

म्हणजे 0.12 सेकंदापर्यंत जुना क्रम टिकतो, आणि तोवर आमच्या ढोलवाल्याचा पंजा कडेबाहेर पडलेला असतो. (4.2 च्या आधीच्या आवृत्तीत याचं नाव `drawOrderThreshold` आहे.) मात्र ‘उभा’ या अ‍ॅनिमेशनमध्ये क्रमाची एकही की नको. ती असली, तर तिचा क्रम लगेच लागू होतो आणि ही मर्यादा कामाला येत नाही. मी सावधगिरी म्हणून पहिल्याच फ्रेमवर तशी की टाकली होती. ती काढली. म्हणजे थोडी चूक माझीही होतीच. शिवाय मी प्रत्येक अ‍ॅनिमेशन वेगवेगळं चालवून बघत होतो. एकातून दुसऱ्यात जाताना काय होतं ते बघितलंच नव्हतं.

ते चार दिवस वाया गेले असं मी म्हणत आलो. पण त्या दिवसांत बसवलेला कोपर आजही माझ्या प्रत्येक पात्रात वापरतो. इतका स्वच्छ वाकणारा कोपर मला त्याआधी जमला नव्हता.

तरीही काम देणाऱ्यांना सांगणं आहे. कोणत्या अ‍ॅनिमेशनवरून कोणत्यावर जायचं आणि किती सेकंदांत, हे आधी लिहून द्या. दोष दिसला, तर रेकॉर्डिंग पाठवा, निकाल पाठवू नका. कोडमध्ये ती एक ओळ घातल्यावर पंजा गायब होणं थांबलं. कापलेले पैसे अजून आलेले नाहीत.