आखातातून आलात? मग पंपासमोरचा रस्ता जपा

गणपतीला आखातातून गावी आलेली आपली मंडळी दुसऱ्याच दिवशी मोटरसायकल बाहेर काढतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितोय.

दुबई, मस्कत, दोहा, सगळीकडे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. तिकडे नोकरीला जाताना माणूस धास्तावलेला असतो. क्लास लावतो, तिथली परीक्षा देतो, हळूहळू डोकं फिरतं. परत येताना मात्र कोणी काही विचारत नाही. इथलं लायसन्स खिशात असतंच!

भर गर्दीत सहसा गडबड होत नाही, कारण पुढची गाडी आपल्याला बरोबर बाजूला ठेवते. घोळ होतो तो रिकाम्या रस्त्यावर, आणि तोही वळताना. आमच्या ओळखीतला एकजण शारजाला वर्षानुवर्षं व्हॅन चालवतो. सुट्टीत पहाटे पंपावर पेट्रोल भरून निघाला, घर उजव्या हाताला. तिकडे उजवं वळण म्हणजे छोटं वळण: डावीकडे बघायचं, कडेकडेने वळायचं, झालं. आपल्याकडे उजवं वळण मोठं. आधी उजवीकडून येणारी वाहनं बघायची, अर्धा रस्ता ओलांडायचा, मग पलीकडच्या बाजूला लागायचं. सवयीने तो कडेकडेनेच वळला. समोरून दुधाचा टेम्पो आला. टेम्पोवाल्याने ब्रेक मारला, हा साइडपट्टीच्या चिखलात गेला, म्हणून निभावलं.

गाडीत निदान एक खूण असते. ड्रायव्हर रस्त्याच्या मधल्या रेषेकडे बसलेला असला पाहिजे. तो कडेला आला, की बाजू चुकली. शिवाय तिकडच्या गाड्यांत इंडिकेटर डाव्या हाताला, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत उजव्या. कडक उन्हात तुमचा वायपर फिरायला लागला, तर समजा डोकं अजून शारजातच आहे. मोटरसायकलवर यातलं काहीच नाही. माणूस मधोमध बसतो, हँडल तेच, इंडिकेटरचं बटणही डावीकडेच. म्हणून तिकडून आल्या आल्या गाडीपेक्षा बाइक जास्त घातक, असं माझं मत आहे.

त्यात आपल्या गावांची खासियत वेगळीच. तिकडे कोणी उलट बाजूने आला, तर चार हॉर्न वाजतात. इथे डिव्हायडरचा पुढचा कट लांब आहे म्हणून राँग साइडने येणारे रोज दहा दिसतात. हा चुकून आलाय की मुद्दाम, हे समोरच्याला कळणार कसं? त्यामुळे कोणी टोकत नाही, आणि ह्याला वाटतं आपलं बरोबर चाललंय.

तो शारजावाला आता आल्यावर पहिले चार दिवस भावाच्या मागे बसतो. मग चालवायला घेतली की पंप, गल्ली, लग्नाचा हॉल, कुठूनही बाहेर पडताना पाय टेकतो, आधी उजवीकडे बघतो, आणि “डावा हात कडेला” असं मोठ्याने म्हणतो. मागे बसलेली बायको हसते. हसू दे.