आठव्या दिवसाची पोटरी

पोटरी फाटलेल्या माणसाला पहिल्या दिवशी आवरावं लागत नाही. त्याचं दुखणंच त्याला आवरतं. टाच टेकवली की कळ येते, म्हणून तो निमूटपणे काठी घेतो, पाय उशीवर ठेवतो, सांगाल ते ऐकतो. माझ्या धंद्यातला अवघड दिवस साधारण आठवा. तेव्हा माणूस दवाखान्याचा जिना न लंगडता चढून येतो आणि म्हणतो, "मॅडम, आता काहीच दुखत नाही." त्याचं बोलणं खरं असतं. पोटरी मात्र अजून जुळलेली नसते.

इतकी वर्षं हा आठवा दिवस मी अंगठ्याने ओळखत आले. पोटरीच्या आतल्या बाजूला, जिथे मांसल भाग संपून पांढरा पडदा सुरू होतो, तिथे अंगठा हलका दाबत खाली सरकवायचा. फाटलेल्या जागी बोट किंचित आत जातं. दिवसागणिक तो खळगा भरत येतो, भोवतीचा टणकपणा उतरतो, आणि हाताला समजतं की आता भार वाढवायला हरकत नाही. या अंगठ्याचा मला गर्व आहे, आजही आहे. सोनोग्राफीचा रिपोर्ट हाती येण्याआधी मी फाट कुठे आणि किती ते सांगायचे आणि मग रिपोर्ट उघडताना मनातून खूश व्हायचे. आता त्याच अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजला आहे. दाब दिला की कळ मनगटापर्यंत जाते, आणि हाताला स्वतःचंच दुखणं जाणवत असेल तर समोरच्याचं नीट जाणवत नाही. त्यामुळे तपासणीचं काम आता माझी सहायक करते. तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मॅडम, दुखत नाही म्हणणाऱ्याला थांबवायचं ते कशाच्या आधारावर?" अंगठा हे उत्तर मला तिला देता येईना. ते शिकवता येत नाही.

तिच्यासमोर तेव्हा जे पेशंट होते, त्यांचंच उदाहरण घेते. कोथरूडचे गृहस्थ, वय ४६, बँकेत अधिकारी, उजव्या हाताने खेळणारे. पहाटेची डबल्स. मागे जाऊन स्मॅश मारला, डावा पाय मागे पडला, तेवढ्यात समोरच्याने फूल नेटजवळ अलगद टाकलं. हे पुढे झेपावले. टाच जमिनीवर, पाऊल वर दुमडलेलं आणि गुडघा त्याच क्षणी झटक्यात सरळ. गॅस्ट्रॉक्निमियस हा स्नायू गुडघा आणि घोटा या दोन्ही सांध्यांवरून जातो, त्यामुळे अशा वेळी तो दोन्ही टोकांनी ताणला जातो आणि त्याच क्षणी त्याला आकुंचनही पावायचं असतं. 'कट्' असा आवाज झाला. त्यांनी मागे वळून पाहिलं, जोडीदाराची रॅकेट लागली असं वाटून. जोडीदार चार हात लांब होता.

हे मागे वळून पाहणं इतक्या जणांनी सांगितलंय की मी आता तेच आधी विचारते. पण त्यावरून पोटरी फाटली असं ठरत नाही, कारण टाचेमागची जाड शीर, अकिलिस, तुटली तरी माणूस असाच वळून बघतो. ते निदान सुटलं तर पुढचे महिने बदलतात. म्हणून पालथं झोपवून, पावलं पलंगाबाहेर सोडून, पोटरी हलकेच दाबायची. पाऊल आपोआप खाली झुकलं तर शीर शाबूत. झुकलं नाही, किंवा टाचेच्या चार बोटं वर खड्डा लागला, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे. यांचं पाऊल झुकलं. दुखणारी जागा बरीच वर, आतल्या अंगाला होती. गुडघा सरळ ठेवून पाऊल दाबायला सांगितलं की दुखायचं, वाकवला की कमी. म्हणजे खालचा सोलिअस वाचला होता.

या दुखापतीला डॉक्टर पॉवेल यांनी १८८३ साली टेनिसवरून नाव दिलं. नंतर किती तरी दशकं दोष प्लांटॅरिस नावाच्या एका बारीक स्नायूवर टाकला गेला, जो काही लोकांच्या पायात नसतोच. पुढे दिसून आलं की बहुतेक वेळा फाटतो तो गॅस्ट्रॉक्निमियसचा आतला पदर. टेनिसचं नाव मात्र चिकटून राहिलं. ज्या खेळाचे सुरुवातीचे नियम आमच्या पुण्याच्या छावणीत बांधले गेले आणि ज्याला काही काळ 'पूना' म्हणत, त्या बॅडमिंटनमध्येही ही पोटरी तशीच फाटते.

पहिल्या तीन दिवसांबद्दल या कामातल्यांना सांगण्यासारखं फार नाही. बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत क्रेप बँडेज, पाय उंच, ओल्या फडक्यातून पंधरा मिनिटं बर्फ, दोन्ही चपलांत टाचेखाली सेंटीमीटरभर उंची म्हणजे पोटरी सैल राहते. काठी चांगल्या बाजूच्या हातात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना दुखरा. शेक नाही, मालिश नाही. पुण्यात आणखी एक सांगावं लागतं, स्कूटर नाही. सिग्नलला गाडी तोलताना आपण चवड्यावर उभे राहतो आणि स्टँडवर चढवताना त्याच पोटरीने रेटतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

मालिशबद्दल मात्र मी शांतपणे बोलू शकत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्ताची गाठ तेल लावून 'मोकळी' करणारे हात या शहरात गल्लोगल्ली आहेत, आणि आता त्यांच्या जोडीला जिममधली थरथरणारी मसाज गन आली आहे. ताज्या फाटीवर जोर दिला की थांबलेलं रक्त पुन्हा वाहतं. क्वचित त्या गाठीत हाडासारखा कठीण थर धरतो आणि दुखणं महिनोन्महिने लांबतं. आमच्या क्षेत्रातल्यांनाही मी सोडत नाही. मशीनच्या तारा लावून, वर रंगीत पट्ट्या चिकटवून, पायाला हात न लावता पेशंट घरी पाठवणारे वाढले आहेत. ताज्या फाटलेल्या पोटरीला अल्ट्रासाउंडच्या मशीनने फायदा होतो याचा भक्कम पुरावा नाही. कोर्टवाल्यांवरही राग आहे. तासावर भाडं असल्यामुळे दारातून आलेला माणूस पहिल्या मिनिटाला स्मॅश मारतो. अंग तापवण्यात दहा मिनिटं घालवणं त्याला पैसे वाया घालवल्यासारखं वाटतं.

पण मुद्दा आठव्या दिवसाचा. फिनलंडच्या यार्विनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या याच स्नायूवर बरंच काम केलं. त्यांचं निरीक्षण असं की साधारण पहिले दहा दिवस फाटीच्या जागी धरलेला कच्चा व्रण हीच सगळ्यात कमजोर जागा असते. त्यानंतर ताण आलाच तर आधी शेजारचा स्नायू तुटतो. दुखणं मात्र सूज आणि दाह उतरला की जातं, आणि ते सहसा त्याआधीच होतं. आठवा दिवस नेमका या फटीत सापडतो. दुसऱ्या बाजूला, पाय पूर्ण बांधून ठेवला तर स्नायू वाळतो आणि व्रण आडवातिडवा, जाड होतो. म्हणजे हलवायचं तर आहे, ताणायचं नाही. कोथरूडच्या गृहस्थांना चौथ्या दिवसापासून पाऊल वर-खाली करायला दिलं, मग टॉवेलवर पाऊल दाबून पाच सेकंद धरायला, मग खुर्चीत बसून टाच उचलायला. पट्टा बांधून पोटरी ओढण्याचा व्यायाम पंधरा दिवस बंद. तोच करायला सगळ्यांचे हात शिवशिवतात, कारण पोटरी आखडलेली वाटते.

सहाव्या दिवशी त्यांच्या घोट्याभोवती काळंनिळं उतरलं आणि ते घाबरले. ते वरचं रक्त खाली आलेलं असतं, त्यात भीती नाही. भीती वेगळ्याची असते. पाय दिवसेंदिवस जास्त सुजतोय, गरम लागतोय, स्वस्थ बसूनही दुखतोय, तर आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा अंगठा, अनुभव सगळं बाजूला ठेवायचं आणि डॉपलर सोनोग्राफी करून घ्यायची. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात. पोटरी आतून दगडासारखी घट्ट होऊन पाय बधिर पडत असेल, कळ थांबतच नसेल, तरी तसंच.

आता सहायकेच्या प्रश्नाकडे येते. मी तिला अंगठ्याऐवजी सकाळ दिली. आज केलेल्या व्यायामाचा निकाल आज लागत नाही, उद्या पलंगावरून उतरल्यावर पहिल्या दहा पावलांत लागतो. ती पावलं कालच्यापेक्षा ताठ पडली तर कालचा भार जास्त होता, व्यायामाच्या वेळी कितीही बरं वाटलेलं असो. ते गृहस्थ आठव्या दिवशी न विचारता ऑफिसचे चार मजले चढले. चढताना काही झालं नाही. नवव्या दिवशी सकाळी टाच टेकेना. आम्ही दोन पावलं मागे गेलो, पुन्हा बसून टाच उचलण्यावर. दुसऱ्या तपासणीत सहायकेचा अंगठा त्या जागेवर थांबला आणि ती म्हणाली, "खळगा आहे अजून." मी तिला जागा दाखवली नव्हती. मला आनंद झाला, आणि आत काहीतरी दुखलंही. तो मान माझ्याकडेच राहावा असं मला वाटत होतं.

चौदाव्या दिवशी ते ओट्याला धरून दोन्ही पायांच्या चवड्यांवर उभे राहिले, पंधरा वेळा, न दुखता. दुसरी सकाळही नीट गेली. त्यांना त्या शनिवारी कोर्टावर फक्त नेटजवळ उभं राहून खेळायचं होतं. सहायकेचं मत होतं की एका पायावर टाच उचलून बघू, जमलं तर उभ्याने हलके फटके मारू द्यावेत. माझं मत नाही. दुखऱ्या एका पायावर, गुडघा सरळ ठेवून, चांगल्या पायाइतक्याच वेळा आणि तितक्याच उंचीवर टाच उचलता येईपर्यंत रॅकेट कपाटात, आणि मधल्या प्रतीच्या फाटीला त्याला सहसा सहा ते आठ आठवडे लागतात. नेटजवळ उभं राहणारा माणूस उभा राहत नाही, फूल मागे गेलं की तो धावतोच. ती म्हणते, मी भीतीने जास्त धरून ठेवते आणि तेवढ्यात दंडाएवढी पोटरी मनगटाएवढी होते. तिच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मग आम्ही मोजपट्टी काढली. दोन्ही पोटऱ्यांचा घेर गुडघ्याखाली सारख्याच अंतरावर घेतला, आणि डावी दीड सेंटीमीटर कमी भरली. तिने तो आकडा तिच्या बाजूने लिहिला, मी माझ्या. गृहस्थांना एका पायाची टाच उचलणं तिच्या हट्टाने तिसऱ्या आठवड्यात दिलं, ओट्याला धरून, अर्ध्या उंचीपर्यंत. रॅकेट मात्र माझ्या हट्टाने अजून कपाटात आहे.