निजण्यापूर्वीचीं दोन वाक्यें

निद्रा बोलावून येत नाहीं, हें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों होतों. पण त्याचा खरा प्रत्यय आम्हांस १९९३ सालच्या भूकंपानंतर आला. अनंतचतुर्दशीचें विसर्जन आटोपून माणसें नुकतींच निजलीं होतीं. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चारला चार मिनिटें कमी असतां, किल्लारीच्या परिसरांत धरणी हादरली आणि हजारों माणसें आपल्याच घरांखालीं गाडलीं गेलीं. लातुरांतील आमचा वाडा उभा राहिला. परंतु पुढें कित्येक महिने त्याच सुमारास आमचे डोळे आपोआप उघडत आणि छताकडे लागून राहत.

दिवाळीस पुण्याहून आमचे आतेबंधू आले. ते व्यवसायानें डॉक्टर. आमची अवस्था पाहून त्यांनीं एक साधा अभ्यास सांगितला. बर्लिनचे डॉक्टर योहानेस शुल्त्स यांनीं १९३२ सालीं ग्रंथ लिहून तो लोकांपुढें मांडिला. त्याचें नांव ऑटोजेनिक ट्रेनिंग. संमोहनांत गेलेल्या माणसांस हातपाय जड व उबदार झाल्यासारखे वाटतात, हें त्यांच्या ध्यानीं आलें होतें. मग तोच जडपणा व तीच ऊब मनुष्यानें स्वतःच मनांत आणिली, तर तशीच स्वस्थता कां येऊं नये, असा त्यांचा विचार.

कृति अशी. उताणें निजावें, कमरेचें वस्त्र सैल करावें, हात अंगापासून थोडे दूर ठेवावे, डोळे मिटावे. मनांतल्या मनांत ‘माझा उजवा हात जड आहे’ हें वाक्य सावकाश सहा वेळां म्हणावें आणि एकदां ‘मी शांत आहे’ म्हणावें. असें दोन-तीन वेळां झालें, कीं पुरे. डावखुऱ्यानें डाव्या हातापासून आरंभ करावा. जडपणा दोन्ही हातांत व पायांत सहज येऊं लागला, म्हणजे त्याच क्रमानें ‘उबदार आहे’ हें वाक्य घ्यावें. दिवसा अभ्यास केल्यास शेवटीं मुठी आवळून हात ताणावे, दीर्घ श्वास घ्यावा आणि मगच डोळे उघडावे. नाहींतर अंगांत सुस्ती राहते. रात्रीं मात्र हें करावयाचें नसतें.

पहिले आठ दिवस आमची फजिती झाली. हात जड झाला कीं नाहीं, हें आम्ही दर वाक्यागणिक तपाशीत होतों, आणि तपासतां तपासतां बोटें वळत व दांत आवळले जात. आतेबंधू हंसून म्हणाले, “दादा, तुम्ही हाताला हुकूम सोडतां आहां. हुकूम नको, नुसतें म्हणा आणि काय होतें तें होऊं द्या.” साऱ्या अभ्यासाचें मर्म एवढेंच आहे. स्नायु सैल पडले, कीं जडपणा भासतो. त्वचेंतील रक्तवाहिन्या रुंदावल्या, कीं ऊब भासते. झोंप लागण्यापूर्वीं हातापायांत ही ऊब स्वभावतःच येते व शरीरांतील उष्णता बाहेर जाऊं लागते. या गोष्टी जोर करून होत नाहींत. जोर केला, कीं उलट थांबतात.

दुसरी अडचण चमत्कारिक होती. अंग सैल पडूं लागलें, कीं पाय एकदम झटका देई, आणि आम्ही भूकंपाचा धक्का समजून उठून बसत असूं. शरीर सैलावतांना असे झटके येतात, हें कळल्यावर आम्हीं एक खूण ठरविली: उशाच्या तांब्यांतील पाणी हाललें नसेल, तर हाललों तें आम्हीच.

परंतु जें आम्हांस मानवलें, तें आमच्या मावशीस मानवलें नाहीं. किल्लारीजवळच्या एका खेड्यांत माळवदाच्या मातीखालून तिला बाहेर काढलें होतें. ‘हात जड आहे’ असें तिसऱ्यांदा म्हणतांच ती घाबरून उठून बसली. छाती दडपल्यासारखें तिला झालें. जड या शब्दाचा अर्थ तिच्या शरीरानें निराळाच शिकून ठेविला होता! आतेबंधूंनीं तें वाक्य तत्काळ सोडावयास लाविलें. तिनें अंगणांत, आकाशाखालीं, खुर्चीवर बसून, डोळे उघडे ठेवून, फक्त ‘माझे हात उबदार आहेत’ एवढेंच म्हणावें, असें ठरलें. चुलीपुढें हात शेकतां तसें वाटतें, असें ती कांहीं दिवसांनीं म्हणाली. तरीही रात्रींची भीति सरेना, तेव्हां तिला मनोविकारांच्या डॉक्टरांकडे नेलें. तेंच योग्य होतें, कारण अशा आघातावर हा अभ्यास एकटा पुरेसा नव्हे.

या पद्धतींत पुढें हृदय, श्वास, पोट व कपाळ यांविषयींचींहि वाक्यें आहेत. हृदयविकार असणाऱ्यांनीं व मधुमेहावर इन्सुलिन घेणाऱ्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून अभ्यास करूं नये. आम्ही मात्र हात व पाय यांपुढें गेलों नाहीं. चारच्या सुमारास जाग अजून कधीं कधीं येते. तेव्हां छताकडे न पाहतां आम्ही उजव्या हाताकडे वळतों. बहुधा पाय जड होण्यापूर्वींच पुढचें वाक्य विसरून जातों.

मावशी मात्र पावसाळा सोडून शेवटपर्यंत अंगणांतच निजली. तिला आंत येण्याचा आग्रह आम्हीं कधीं केला नाहीं.