रिपोर्ट नॉर्मल, पण अंगात त्राण नाही

"डॉक्टर, ताप जाऊन दोन महिने झाले. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग मला उठवत का नाही?"

हा प्रश्न तुम्ही स्वतः विचारला असेल, किंवा तुमच्या घरात कोणीतरी विचारला असेल. २०२१ च्या जूनमध्ये माझ्या दवाखान्यात एका शिक्षिकेने तो मला विचारला, आणि मी तिला चुकीचं उत्तर दिलं. त्या चुकीतून मी जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगतो.

बाई चाळिशीच्या आतल्या. एप्रिलमध्ये कोविड झाला, घरीच बरा झाला. ऑक्सिजन कधी कमी झाला नाही. मी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२, छातीचा एक्स-रे, ईसीजी असं सगळं तपासलं. काहीच सापडलं नाही. तेव्हा मी म्हणालो, "बाई, आजारपणाने अंग सुस्तावलंय. रोज अर्धा तास चाला, हळूहळू वाढवा. ताकद येईल."

बाईंनी मन लावून ते केलं. तीन आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा पतींच्या आधाराने आल्या. आधी निदान स्वयंपाक तरी होत होता, आता तोही होत नव्हता. सोबत एक वही होती. दुधाचा हिशोब लिहायची वही, तिच्या मागच्या पानांवर त्यांनी रोजचं लिहून ठेवलं होतं.

ती पानं वाचताना माझ्या लक्षात आलं. रविवारी पाहुणे आले, पुरणपोळ्या केल्या, "आज बरं वाटलं". सोमवार ठीक. मंगळवारी "अंग ठेचल्यासारखं, घसा दुखतोय, वाचलेलं डोक्यात शिरत नाही". गुरुवारी अर्धा तास चालल्या, काही त्रास नाही. शनिवारी दिवसभर अंथरुणात. प्रत्येक वेळी श्रम आणि त्रास यांच्यात एक-दोन दिवसांचं अंतर होतं. मंगळवारच्या त्रासाचं कारण मंगळवारी शोधून सापडणार नव्हतं, ते रविवारी होतं.

हीच खूण तुम्ही लक्षात ठेवा. आजारपणात नुसतं पडून राहिल्यामुळे आलेला अशक्तपणा वेगळा असतो. त्यात चाललं की दम लागतो, पाय दुखतात, पण रात्रीच्या झोपेने बरं वाटतं आणि आठवड्यागणिक चालणं वाढत जातं. तिथे व्यायाम हेच औषध. बाईंचा थकवा तसा नव्हता. श्रम करताना चालून जायचं, मग एक-दोन दिवसांनी सगळी लक्षणं उसळून यायची आणि कित्येक दिवस टिकायची. झोपेनेही ती जायची नाहीत. याला आम्ही 'श्रमोत्तर त्रास' म्हणू. तो असेल तर "थोडं थोडं वाढवत न्या" हा सल्ला माणसाला आणखी खाली ढकलतो. दीर्घ थकव्याच्या विकारात ठरवून व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार पूर्वी सर्रास सांगितला जाई. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२१ मध्ये तो आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकला.

"पण हे मनाचं तर नाही ना?" बाईंच्या सासूबाईंना हीच शंका होती. याचं उत्तर कोविडच्या बऱ्याच आधी मिळालं होतं. ऑस्ट्रेलियात डब्बो नावाच्या गावाच्या परिसरात तीन वेगवेगळ्या संसर्गांनी आजारी पडलेल्या २५३ लोकांचा पाठपुरावा केला गेला, आणि तो अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या तिघांतला एक विषाणू आपल्याकडच्या चिकुनगुन्याचा नातलग आहे. सहा महिन्यांनंतरही २९ जण थकवा, अंगदुखी आणि विस्कळीत एकाग्रता यांनी बेजार होते. जंतू वेगळे, पण मागे राहिलेलं दुखणं सारखंच. कोणाचं लांबेल हे मुख्यतः मूळ आजार किती जोराचा होता यावरून कळत होतं, स्वभावावरून किंवा आधीच्या मानसिक स्थितीवरून नाही. मात्र सौम्य आजारानंतर हे होतच नाही, असा याचा अर्थ नाही. बाईंचंच उदाहरण बघा.

मग शरीरात नेमकं काय बिघडतं? एकच एक कारण अजून सिद्ध झालेलं नाही. विषाणूचे अवशेष कुठेतरी राहणं, प्रतिकारशक्ती शांत न होणं, अशा शक्यतांवर काम चालू आहे. पण स्नायूंमध्ये काय होतं ते प्रत्यक्ष पाहिलं गेलंय. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी कोविडनंतर असा त्रास असलेले २५ जण आणि पूर्ण बरे झालेले २१ जण घेतले, त्यांना सायकल चालवायला लावली, आणि व्यायामाच्या आधी व नंतर मांडीच्या स्नायूचा छोटा तुकडा तपासला. २०२४ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. आजारी लोकांच्या पेशींतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा व्यायामानंतर आणखी मंदावली होती आणि स्नायूला इजा झाल्याच्या खुणा वाढल्या होत्या. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांत यातलं काहीही दिसत नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतात.

दुसरी गोष्ट दवाखान्यातच तपासता येते. मी बाईंना दहा मिनिटं आडवं ठेवून नाडी मोजली, ७६ होती. मग दहा मिनिटं उभं केलं. रक्तदाब पडला नाही, पण आठव्या मिनिटाला नाडी ११२ झाली आणि डोकं हलकं झालं. मोठ्या माणसात उभं राहिल्यावर नाडी ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहत असेल, तर रक्ताभिसरण सांभाळणाऱ्या नसांचं नियंत्रण बिघडलंय असा संशय घ्यावा. चक्कर येऊ शकते, म्हणून ही तपासणी एकट्याने करू नका.

मी बाईंची माफी मागितली आणि सल्ला बदलला. दोन दिवसांनी त्रास होणार नाही इतकंच चालायचं. वहीवरून ती मर्यादा आठ मिनिटं निघाली. पोळ्या खुर्चीवर बसून लाटायच्या, आंघोळही स्टुलावर बसून करायची. केस धुवायच्या दिवशी बाजार नाही. बरं वाटलं त्या दिवशीही तेवढंच, कारण घात चांगल्या दिवशीच होतो. पाणी भरपूर, आणि रक्तदाब कमीकडे असल्याने मीठ थोडं जास्त. मीठ तुम्ही मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

चार महिन्यांनी बाई वीस मिनिटं चालू लागल्या. शाळा सुरू झाल्यावर मुख्याध्यापकांनी त्यांना तळमजल्यावरचा वर्ग दिला. आजही एका दिवसात शाळा आणि लग्नकार्य दोन्ही होत नाही. हा आजार मुळातून घालवणारं औषध आज माझ्याकडे नाही, हे मी त्यांना सांगितलंय.

ताप गेल्यावर दोन-तीन आठवडे गळून गेल्यासारखं वाटणं नेहमीचंच आहे, घाबरू नका. पण वजन घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, छातीत दुखत असेल, आडवं झाल्यावर दम लागत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर "व्हायरलचा थकवा" म्हणून घरी बसू नका. त्यामागे क्षयरोग किंवा हृदयाचं दुखणं असू शकतं.

आणि यातलं काही नसताना थकवा टिकलाच, तर दोन आठवडे रोज दोन ओळी लिहा: आज काय केलं, आज कसं वाटलं. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. मला बाईंचा आजार रिपोर्टांच्या फाइलमध्ये दिसला नव्हता, तो दुधाच्या वहीत दिसला.