नखाचा ओरखडा

कोसबाडच्या टेकडीखाली एका ताईंची चिकूची वाडी आहे. त्या मुंबईच्या घरांत पाच-पाच किलोच्या पेट्या पाठवतात. छोट्या व्यावसायिकांसाठी मोबाईलवर व्हिडिओ बनवणं हे माझं काम. मागच्या हंगामात त्यांनी मला एका गिऱ्हाइकाचा निरोप दाखवला : "निम्मे चिकू चार दिवसांत पिकले, बाकीचे आठवडा झाला तरी दगड. कापला तर सुरीला चीक. तुम्ही कच्चा माल भरता."

ताई दुखावल्या होत्या. मी मात्र निरोपाचे दोन भाग केले. "कच्चा माल भरता" हा आरोप. दगड आणि चीक हे डोळ्यांनी पाहिलेलं. व्हिडिओ नेहमी पाहिलेल्यातून काढावा. चिकूच्या झाडावर फुलं, कोवळी फळं आणि तयार फळं एकाच वेळी असतात आणि तयार फळाचा रंग फारसा बदलत नाही. घाईत तोडणी केली की कोवळी फळंही येतात. ती धड पिकत नाहीत आणि चीक जास्त सोडतात. म्हणजे गिऱ्हाइकाने निदानच लिहून पाठवलं होतं.

पहिल्यांदा मी चुकलो. उंचावरून वाडी, पहाटेचं ऊन, मागे संगीत असा व्हिडिओ केला. गिऱ्हाइकाचं उत्तर आलं, "पण माझ्या पेटीचं काय?"

मग आधी काम सुधारलं. तोडणाऱ्यांनी शंका आली की फळ नखाने हलकं खरवडायचं : खाली हिरवं दिसलं तर त्या फांदीवरची तशी फळं राहू द्यायची, पिवळसर दिसलं तर तोडायची. सालीवरची तपकिरी भुकटी सहज झडते का, तेही पाहायचं. शेडमध्ये पुन्हा निवड. दोन आठवडे हे नीट चाललं, तेव्हाच कॅमेरा काढला. न सुधारलेल्या चुकीचा व्हिडिओ केला तर पुढची पेटीच तो खोटा पाडते.

चित्रण पाऊण मिनिटाचं. सुरुवातीला तक्रारीचेच शब्द, गिऱ्हाइकाची परवानगी घेऊन आणि नाव न देता. मग तोडणाऱ्या मावशींच्या तळहातावर दोन चिकू, दोन ओरखडे, एक हिरवा, एक पिवळसर. इथे मध्ये कट घेतला नाही. कट दिसला की फळ बदलल्याचा संशय येतो. नंतर बाजूला काढलेल्या फळांचं क्रेट आणि शेवटी ताईंचं एक वाक्य : कडक चिकू फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने पिकणं अडतं. हे वाक्य पहिलं ठेवलं असतं, तर दोष गिऱ्हाइकावर ढकलल्यासारखं झालं असतं.

व्हिडिओ सगळ्यांत आधी तक्रार करणाऱ्यालाच पाठवला, बदली पेटीसोबत. नंतरच्या निरोपांत "पिकले नाहीत" कमी झालं, "कधी खायचे?" वाढलं. मी बघण्याचे आकडे मोजत नाही, प्रश्न कसे बदलतात ते मोजतो.

जानेवारीत नवी तक्रार आली : "पेटीत नख लागलेला चिकू होता, तिथूनच सडला." खरं होतं, तपासलेलं फळ पेटीत जायला नको होतं. आता त्यासाठी शेडमध्ये वेगळी टोपली ठेवली आहे. पुढचं चित्रण त्या टोपलीपासून सुरू होईल.